शंखप्रदेशीचे खालित्य : मिनॉक्सिडिल व फिनॅस्टेराइड यांपासून कितपत अपेक्षा ठेवावी?

चोपडा, यावल, अमळनेर या परिसरातील वैद्यमित्रांना एक रुग्णवर्ग आता चांगलाच परिचयाचा झाला असेल. वय वीस ते अठ्ठावीस. प्रकृती धडधाकट. तक्रार केस झडण्याची क्वचितच असते. असते ती कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून, म्हणजे शंखप्रदेशाच्या वरून, केसांची सीमा मागे सरकत चालल्याची. भ्रमणध्वनीवर दोन वर्षांपूर्वीचे आणि आजचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून तो दाखवतो. पुष्कळदा खिशात औषधाच्या दुकानातून आणलेली मिनॉक्सिडिलची बाटलीही असते, आणि प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टरसाहेब, हे कोपरे किती दिवसांत भरतील?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दोन गोष्टी चिकित्सकाला ठाऊक हव्यात. ही औषधे डोक्याच्या कोणत्या भागावर पारखली गेली, आणि समोरच्या रुग्णाच्या कोपऱ्यात नेमके काय शिल्लक आहे. जाहिरातींत दिसणारे आकडे आणि छायाचित्रे बहुतांशी टाळूच्या भोवऱ्याची असतात. विचारणारा मात्र कोपऱ्यांविषयी विचारत असतो. सारा गैरसमज या अंतरात आहे.

निदान आधी

आपल्या ग्रंथकारांनी या बाबतीत केलेला भेद आजही उपयोगी पडतो. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेली संप्राप्ती अशी की, रोमकूपाश्रित पित्त वातासह कुपित होऊन केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ रोमकूपाचे मुख रोधतो, त्यामुळे नवे केस उगवत नाहीत. वाग्भटांनी खलतीची उत्पत्ती तशीच सांगून एक महत्त्वाची पुस्ती जोडली आहे : इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात, खलतीत क्रमाक्रमाने. ‘क्रमाने’ हा एक शब्द निदानाचा अर्धा भार उचलतो.

२०२४च्या अखेरीस व २०२५च्या आरंभी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील गावांत, अनेकांचे केस काही दिवसांत मुळापासून गळाले. स्त्रिया व लहान मुलेही त्यांत होती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध शिधावाटपातील गव्हातून पोटात गेलेल्या अधिक सेलेनियमशी जोडला. त्या बातम्यांनंतर आपल्याकडचे तरुणही ‘पाण्यात काही आहे का’ असे विचारू लागले. कूपनलिकेच्या जड पाण्याने केस राठ होतील, विंचरताना तुटतील. परंतु ते पाणी भोवतालचे केस सोडून नेमके दोन कोपरेच निवडून रिकामे करणार नाही. एकाएकी, सरसकट, गावभर अशी केसगळती आढळली तर अन्न, विष, ज्वर यांचा शोध घ्यावा. गोल, गुळगुळीत चट्टा दिसला तर इंद्रलुप्ताचा विचार करावा. दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी, वर्षानुवर्षे सरकणारी, मागील व कानांवरील केसांना धक्का न लावणारी विरळता असेल तरच प्रस्तुत विषय.

तेवढ्यानेही भागत नाही, कारण प्रत्येक मागे सरकलेली सीमा हा रोग नव्हे. किशोरवयातील मुलाची केशसीमा खाली आणि सरळ असते. सतरा ते पंचविशीच्या दरम्यान बहुतेक पुरुषांत ती थोडी वर जाते. भुवया उंचावायला सांगाव्यात. कपाळावर पडणाऱ्या सर्वांत वरच्या वळीपासून मधली केशसीमा सुमारे बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटर, वर असेल आणि कोपरे किंचित आत गेले असतील, तर ती प्रौढ पुरुषाची स्वाभाविक सीमा समजावी. अशा तरुणाला औषधापेक्षा वर्षभराने पुन्हा येण्याची तारीख द्यावी.

कोपरे किती खोल गेले, याचे एक जुने माप आहे. जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ साली केलेली आणि ओटार नॉरवुड यांनी १९७५ साली सुधारलेली श्रेणी आजही वापरात आहे. दोन्ही कर्णरंध्रांना डोक्यावरून जोडणारी एक रेषा कल्पावी. कोपऱ्याचे टोक या रेषेच्या सुमारे तीन सेंटिमीटर पुढेच थांबले असेल तर ती दुसरी श्रेणी. त्याहून खोल गेले तर तिसरी. खरे टक्कल या तिसऱ्या श्रेणीपासून मोजतात.

मापापेक्षाही बोलके असते ते भिंग. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग कोपऱ्यावर धरले की तीन पट्टे दिसतात. पुढे गुळगुळीत त्वचा. तिच्या मागे बारीक, आखूड, फिकट लव. आणि त्यामागे दाट केसांत मिसळलेले जाड-बारीक केस. एकाच जागी केसांच्या जाडीत असा ठळक फरक दिसणे ही या विकाराची खूण होय. पट्ट्यांची ही रुंदी रुग्णपत्रावर लिहून ठेवावी, कारण औषधाचे भवितव्य तिच्यावर अवलंबून आहे.

औषधे आली कोठून, आणि मोजली कोठे

हॅमिल्टन यांनीच १९४२ साली दाखवून दिले होते की, वयात येण्यापूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. परंतु ज्यांच्या कुळात टक्कल आहे अशांना टेस्टोस्टेरॉन दिले तर ते पडू शकते. बीज आणि पुरुषसंप्रेरक, दोन्ही लागतात. पुढे १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या कुटुंबांतील काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे विकर जन्मतःच उणे होते. मोठेपणी त्यांची पौरुषग्रंथी लहान राहिली, आणि शंखप्रदेशीची केशसीमा मागे सरकली नाही.

याच विकराला रोखणारे औषध म्हणजे फिनॅस्टेराइड. पौरुषग्रंथीच्या वृद्धीसाठी पाच मिलिग्रॅमच्या मात्रेत ते १९९२ साली अमेरिकेत संमत झाले, केसांसाठी एक मिलिग्रॅमच्या मात्रेत १९९७च्या डिसेंबरात. रोज एक गोळी घेतल्याने रक्तातील डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन सुमारे दोन-तृतीयांशाने उतरते.

मिनॉक्सिडिलची कथा निराळी. हे मूळचे रक्तदाबाचे पोटात घेण्याचे औषध, १९७९ साली संमत झालेले. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे द्रावण डोक्याला लावून पाहिले गेले आणि १९८८ साली अमेरिकेत दोन टक्के द्रावणाला पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली. पाच टक्क्यांचे नंतर आले. संप्रेरकाशी त्याचे काही देणेघेणे नाही. त्वचेतील एका विकराने त्याचे सल्फेट-रूप बनले म्हणजे ते केसाचा वाढीचा काळ लांबवते व विश्रांतीचा काळ आखूड करते. ते विकर ज्याच्यात कमी, त्याला औषधही कमी लागू पडते. म्हणूनच एकाच बाटलीने एकाला फरक पडतो आणि त्याच्या मित्राला पडत नाही.

फिनॅस्टेराइडच्या मुख्य परीक्षणांत १८ ते ४१ वयाचे पंधराशेहून अधिक पुरुष होते. भोवऱ्यावर एक इंच व्यासाचे वर्तुळ आखून त्यातील केस मोजले गेले. आरंभी सरासरी ८७६ केस होते. वर्षअखेर औषध घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे यांच्यात १०७ केसांचे अंतर पडले, आणि पाच वर्षांनी ते २७७वर गेले. आकडा ऐकून वाटते की केस वाढतच राहिले. तसे नव्हे. औषध घेणाऱ्यांची वाढ पहिल्या दोन वर्षांत शिखरास पोहोचली आणि नंतर थोडी ओसरली. अंतर वाढले ते मुख्यतः दुसऱ्या गटाचे केस जात राहिले म्हणून. छायाचित्रांवरून पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांत वाढ, ४२ टक्क्यांत ‘आहे तसे’ आणि १० टक्क्यांत घट दिसली. औषध न घेणाऱ्यांत घट ७५ टक्क्यांत होती. म्हणजे या औषधाचे मोठे दान गेलेले परत आणण्यात नसून जाणारे थांबवण्यात आहे.

आणि हे सारे भोवऱ्यावरचे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निराळ्या परीक्षणात डोक्याच्या पुढच्या मध्यभागीही फिनॅस्टेराइडचा लाभ दिसला, पण तो माफक होता. दोन्ही कोपऱ्यांच्या मागे सरकलेल्या सीमेवर मात्र परिणाम सिद्ध झालेला नाही, असे अमेरिकेतील अधिकृत औषधपत्रकातच लिहिलेले होते. मिनॉक्सिडिलची मान्यताही भोवऱ्यावरील परीक्षणांवरच उभी आहे, आणि पुढे सरकलेल्या टकलासाठी ते नाही असे अमेरिकी वेष्टनावर छापलेले असे. पाच टक्क्यांच्या फेसाचा कोपऱ्यांवरही काही उपयोग होतो असे अलीकडच्या छोट्या अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा तेथे परिणाम शून्य असतो असेही म्हणता येणार नाही. सिद्ध न होणे आणि न होणे यांत फरक आहे, एवढे मात्र रुग्णाला समजावून सांगावे.

मग त्या डॉमिनिकन पुरुषांचे कोपरे कसे शाबूत राहिले? कारण त्यांच्या केशमुळांना वयात येताना तो आघात झालाच नव्हता. आपला रुग्ण येतो तेव्हा कोपऱ्यातील मुळे अनेक चक्रे आकसत आकसत लवेपर्यंत पोहोचलेली असतात. आघात थांबवला म्हणून आकसलेले मूळ पूर्ववत होतेच असे नाही.

एक रुग्ण

दृष्टान्तासाठी एक रुग्ण कल्पू या. वय चोवीस, चोपडा तालुक्यातील केळी-उत्पादक घरातला, लग्नाची बोलणी सुरू. वडिलांना टक्कल, मामालाही. (आईकडूनच टक्कल येते ही समजूत अपुरी आहे. संप्रेरक-ग्राहकाचे एक महत्त्वाचे जनुक आईकडून येते हे खरे, पण बाकीची अनेक दोन्हीकडून येतात.) दोन वर्षांपासून कोपरे खोल होत आहेत. मागील केस दाट, त्वचा निरोगी, ओढून पाहिल्यास केस सहजी येत नाहीत. श्रेणी दुसरी, तिसरीकडे झुकलेली. डोळ्याच्या बाह्य कोनापासून दाट केसांच्या कडेपर्यंतचे सरळ अंतर उजवीकडे ९.८, डावीकडे ९.५ सेंटिमीटर. भिंगाखाली गुळगुळीत पट्टा रुंद, लवेचा पट्टा जेमतेम बोटाच्या निम्म्या रुंदीचा.

त्याने तीन महिने मिनॉक्सिडिल लावले आणि “उलट केस जास्त गेले” म्हणून सोडले. चौकशीत कळते की, झड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली होती. हे औषधाचे अपयश नव्हे. विश्रांतीत असलेले जुने केस नव्या वाढीमुळे बाहेर ढकलले जातात. ही झड सहसा काही आठवड्यांत ओसरते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण नेमका याच टप्प्यावर बाटली फेकून देतो. शिवाय त्याची साठ मिलिलिटरची एक बाटली दोन महिने पुरली होती. मात्रा एक मिलिलिटर, दिवसातून दोन वेळा. म्हणजे बाटली महिन्यातच संपायला हवी. तो अर्धेच औषध लावत होता, तेही गुळगुळीत पट्ट्यावर, आणि तेही तेल चोपडलेल्या डोक्यावर.

तेलाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. द्रावण कोरड्या त्वचेवर, बोटाने, लवेच्या पट्ट्यावर व त्यामागील विरळ भागावर लावावे, केसांवर नव्हे. ते मुरण्यास चार तास द्यावेत. तेल, मग ते भृंगराजाचे असो वा खोबऱ्याचे, लावायचेच तर धुण्यापूर्वी लावावे आणि धुऊन डोके पूर्ण कोरडे झाल्यावर मिनॉक्सिडिल. रात्रीचे लावणे झोपण्याच्या दोन तास आधी उरकावे, नाहीतर उशीला पुसून ते गालांवर जाते आणि तेथे केस येतात. आपल्या वैशाखाच्या उन्हात दुपारी लावून शेतात गेलेल्याचे द्रावण घामासोबत कपाळावर उतरते. त्याला सकाळ-रात्र अशीच वेळ बांधून द्यावी. खाज व कोंड्यासारखे पापुद्रे सुटले तर दोष बहुधा द्रावणातील प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो, आणि ते नसलेला फेस सोसतो. छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज यांपैकी काही आढळले तर औषध तत्काळ थांबवावे. हृदयरोग असलेल्यास ते आपल्या जबाबदारीवर देऊच नये.

या तरुणाला पहिल्या दिवशी सांगावे ते असे. रिकामा पट्टा भरणार नाही. लवेच्या पट्ट्यातील काही केस जाड होतील, त्यामुळे कडा थोडी गडद दिसेल. चार महिन्यांपर्यंत काहीही ठरवू नये, निकाल बाराव्या महिन्यात लावावा. सोडल्यास तीन-चार महिन्यांत मिळवलेले जाते. छायाचित्र दर चार महिन्यांनी, त्याच खिडकीच्या उजेडात, कोरडे केस मागे विंचरून, तितक्याच अंतरावरून घ्यावे. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही. आणि ज्याला हवा असतो त्याला नसलेलाही दिसतो.

वर्षाने मापे ९.८ व ९.५ अशीच राहिली, भिंगाखाली लवेच्या जागी दहा-पाच जाड केस दिसले, तर चिकित्सा यशस्वी समजावी. मापे अर्ध्या सेंटिमीटरने वाढली आणि मात्रा खरोखर पूर्ण घेतली गेली होती, तर मिनॉक्सिडिल एकटे अपुरे आहे. फिनॅस्टेराइडची चर्चा तेव्हा करावी. भोवराही विरळ होऊ लागला असेल तर आधीच.

फिनॅस्टेराइड देण्यापूर्वी

हे चिठ्ठीवरच मिळणारे औषध आहे. ते आपल्या अधिकारात बसत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मात्र पाठवण्यापूर्वीची चौकशी आपल्याकडे अधिक मोकळेपणाने होते, हे आपले बळ आहे. लग्न ठरत असलेला तरुण शहरातील अनोळखी तज्ज्ञापुढे जे बोलणार नाही, ते गावच्या वैद्यापुढे बोलतो.

परीक्षणांत कामेच्छा, लिंगोत्थान वा वीर्यस्खलन यांविषयीच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांत व खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांत नोंदल्या गेल्या. बहुतेकांत त्या थांबल्या. तथापि औषध सोडल्यावरही काहींत त्या टिकून राहिल्याची वृत्ते आली, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली पत्रकात तशी भर घालायला लावली. २०२५च्या मे महिन्यात युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा फिनॅस्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले; बहुतेक नोंदी एक मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या होत्या. म्हणून ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, जो कोपऱ्यांच्या चिंतेने आधीच झोप गमावून बसला आहे, त्याला हे औषध सुचवण्यास माझा तरी विरोध राहील. घेणाऱ्याला आणि घरातील एका जाणत्याला सांगून ठेवावे : मन उदास होऊ लागले तर गोळी त्याच दिवशी बंद आणि दवाखाना.

लग्नानंतरची गोष्ट वेगळी सांगावी लागते. काहींत शुक्राचा दर्जा घटल्याची व औषध सोडल्यावर तो सुधारल्याची नोंद आहे. अपत्यासाठी प्रयत्न चालू असून गर्भधारणा होत नसेल तर पतीला ‘केसांची गोळी घेता का’ हे विचारलेच पाहिजे. तो स्वतःहून सांगत नाही. पत्नी गर्भवती असताना तिने फुटलेली वा कुटलेली गोळी हाताळू नये, कारण पुरुषगर्भाच्या जननेंद्रियांच्या घडणीत बाधा येऊ शकते. गोळी घेणाऱ्याने, आणि थांबवल्यानंतरही महिनाभर, रक्तदान करू नये. पुढे चाळिशी-पन्नाशीत पौरुषग्रंथीची रक्ततपासणी करायची झाली तर हे औषध तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आणते; प्रयोगशाळेला आणि शल्यविशारदाला औषध चालू असल्याचे कळवले नाही तर वाढलेला आकडाही स्वाभाविक भासेल.

आपल्या शास्त्रातील नस्य, शिरोलेप, भृंगराज यांविषयी वैद्यमित्र विचारतील. केशभूमीची रुक्षता, कोंडा, दाह यांवर मी ती वापरतो. परंतु केस मोजून, खोट्या औषधाशी ताडून, कोपऱ्यांवर त्यांचा परिणाम सिद्ध करणारे पुरावे माझ्या पाहण्यात नाहीत. तेव्हा जे मिनॉक्सिडिलबद्दल बोलायचे नाही ते तेलाबद्दलही बोलू नये. सान्निपातिक खलती वाग्भटांनीच असाध्य म्हणून बाजूला ठेवली आहे.

उरतो केसरोपणाचा मार्ग. रिकामा कोपरा खऱ्या अर्थाने भरतो तो यानेच. पण चोवीस वर्षांच्या तरुणाने खाली, दाट सीमा रोवून घेतली आणि पुढील दहा वर्षांत तिच्यामागील मूळचे केस गेले, तर पुढे केसांचा पट्टा आणि मागे मोकळे मैदान असे चित्र उरते, आणि मागून घ्यावयाच्या केसांचा साठा तर मर्यादित. म्हणून सीमा निदान वर्ष-दोन वर्षे मापात स्थिर असल्याची नोंद हातात असल्याशिवाय त्याला त्या दाराशी पाठवू नये. आपण रुग्णपत्रावर लिहून ठेवलेले ९.८ आणि ९.५ हे आकडे त्या वेळी शल्यचिकित्सकाच्याही कामी येतात.